तिसाच्या डोक्यावर पन्नास

ओमप्रकाशला चुकीचं शिकवायचं, हे दैवशालाने ठरवलं तेव्हा ती त्याच्यासाठी चहात साखर ढवळत होती.

बोरीतल्या तिच्या घरी तो त्या दिवशी पहिल्यांदा आला होता. येताना पेढे आणले होते, बूट बाहेर काढले होते, आणि तिच्या वडिलांच्या, आसारामच्या, पायाही पडला होता. आसाराम आणि त्याची बायको वीस वर्षं ऊसतोडीला गेलेली माणसं. लेक ज्या कॉलेजात शिकवते त्या संस्थेच्या सचिवांचा पुतण्या आपल्या पाया पडतोय म्हटल्यावर म्हातारा गडबडला आणि खाटेवरून उठून उभाच राहिला.

"ताई, जागा तर आपलीच हाय," ओमप्रकाश म्हणाला. "काका बोललेत. फक्त डेमो लेक्चर नीट झालं पाहिजे. बाहेरून तज्ज्ञ यायलेत, सुगत सर म्हणून. लय कडक हायेत म्हणं. तुमी दोन दिवस बसवून घेतलं की झालं."

तो हे सगळं अगदी साधेपणाने बोलला. आपण कोणापुढे काय बोलतोय हे त्याच्या मनातही नव्हतं. दैवशालाला राग आला तो त्याचाच. परभणीला जिंतूर रस्त्यावरच्या त्या कॉलेजात ती नऊ वर्षं तासिकेवर संगणकशास्त्रातलं डेटा स्ट्रक्चर शिकवत होती. दर वर्षी जूनमध्ये नवा अर्ज आणि मार्चमध्ये नारळ. नऊ वर्षांनी एक कायम जागा निघाली होती. तिनेही अर्ज केला होता, आणि हे ओमप्रकाशला चांगलं माहीत होतं.

आदल्या दिवशी प्राचार्य किशनराव तिला केबिनमध्ये बोलावून म्हणाले होते, "ओमला जरा तयार करा. तुमचे तास पुढंही चालूच राहतील, त्याची काळजी करू नका." नाही म्हटलं तर तास जाणार, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

मुलाखतीच्या पत्रात डेमोचा विषय सगळ्या उमेदवारांना एकच दिला होता. बायनरी ट्री, म्हणजे आकड्यांचं दोन-दोन फांद्यांचं उलटं झाड, उभ्या ओळींत वाचायचा. त्याला म्हणतात व्हर्टिकल ऑर्डर. दैवशालाचा हा हातखंडा होता. झोपेतून उठवलं तरी तिने फळ्यावर मांडून दाखवला असता.

तिने कोरे कागद घेतले, सवयीने वर तारीख टाकली आणि सात नोडचं, म्हणजे आकडे लिहिलेल्या सात गोलांचं, भरगच्च झाड काढलं. वर एक, त्याखाली दोन आणि तीन, त्यांच्याखाली चार, पाच, सहा, सात.

"हे बघ. वरच्या नोडला कॉलम नंबर शून्य द्यायचा. डावीकडं उतरलं की एक वजा, उजवीकडं उतरलं की एक मिळवायचा. म्हणजे दोनचा कॉलम उणे एक. चारचा?"

"उणे दोन."

"पाचचा?"

ओमप्रकाशने बोट फिरवलं. "दोनपासून उजवीकडं... शून्य. म्हंजे एकच्या बरोबर खाली."

"आणि सहा?"

"तोबी शून्य!" त्याला खरोखरच आनंद झाला. "तीनच्या डावीकडं ना. एक, पाच, सहा एकाखाली एक."

"बरोबर. आता एक मॅप ठेवायचा. मॅपमध्ये प्रत्येक कॉलम नंबरपुढं एक यादी. नोड भेटला की आपल्या कॉलमच्या यादीत शेवटी जाऊन बसतो. सगळं झाड फिरून झालं की लहान नंबरच्या कॉलमपासून मोठ्यापर्यंत एकेक यादी वाचायची. चार. मग दोन. मग एक, पाच, सहा. मग तीन. मग सात."

इथपर्यंत सगळं खरं होतं. पुढचा प्रश्न ओमप्रकाशनेच विचारला. "पण झाड फिरायचं कसं?"

खरं उत्तर तिच्या ओठांवर होतं. रांग लावायची. नोड आणि त्याचा कॉलम अशी जोडी रांगेत ठेवायची, पुढची काढायची, तिची डावी-उजवी मुलं मागे उभी करायची. त्याने झाड पायरीपायरीने वरून खाली येतं, आणि कॉलमच्या यादीत वरचा नोड आधी, खालचा नंतर असाच बसतो.

"रिकर्शननं," दैवशाला म्हणाली. "सोपं हाय. नोड यादीत टाकायचा, मग डावी बाजू पूर्ण, मग उजवी बाजू पूर्ण. पाच ओळींचा प्रोग्राम."

सात नोडच्या झाडावर ते उत्तरही तंतोतंत बरोबर यायचं. एवढ्या नीटस झाडात खालचा नोड वरच्याच्या आधी घुसायला वावच नसतो. म्हणून मग तिने दुसरं झाड काढलं. वाकडं. वर दहा. त्याच्या डावीकडे वीस, उजवीकडे तीस. विसाला उजवीकडे चाळीस. चाळिसाला पुन्हा उजवीकडे पन्नास.

"डेमोत हे दुसरं झाडच घे," ती म्हणाली. "नीटस झाड सगळेच घेतेत. वाकडं घेतलं की तज्ज्ञावर छाप पडते."

तिने त्याच्यासमोर ते सोडवलं, एकही अक्षर न खोडता. वीस उणे एकमध्ये. दहा आणि चाळीस शून्यात. डावी बाजू आधी तळापर्यंत जायची म्हणून पन्नास आधी भेटला, कॉलम एक. मग उजवीकडचा तीस, त्याचाही कॉलम एक. कॉलम एकपुढे तिने लिहिलं: पन्नास, तीस.

झाडात तीस दुसऱ्या पायरीवर होता आणि पन्नास पार चौथ्या. वरून खाली वाचताना तीस आधी यायला हवा होता. ओमप्रकाशने कागदाकडे बघितलं, मान हलवली, आणि लॅपटॉपवर प्रोग्राम चालवून बघितला. प्रोग्रामनेही पन्नास, तीस असंच छापलं. त्याला जे सांगितलं तेच तो करणार.

"वा, ताई," तो म्हणाला. "तुमच्यासारखं कोणी सांगितलंच न्हाई आजवर."

दोन दिवस तो घोकत बसला. दैवशालाने त्याची तयारी करून घेतली, उलटसुलट प्रश्न विचारले, हातवारे सुधारले. चाळिसाखाली पन्नास काढताना खडू कसा धरायचा हेही सांगितलं. जाताना त्याने ते कागद घडी करून खिशात ठेवले. तेवढे परत मागायला हवे होते. पण मागितले असते तर त्याला संशय आला असता, असं तिला वाटलं.

मुलाखतीच्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. पाच उमेदवार व्हरांड्यात बसले होते. ओमप्रकाशचा नंबर पहिला. वीस मिनिटांनी तो घाम पुसत, हसत बाहेर आला आणि अंगठा दाखवून तिच्या शेजारी बसला.

"वाकडं झाड घेतलं. सर काहीच बोलले न्हाईत. नुसतं बघत होते."

कडक तज्ज्ञ आणि काहीच बोलला नाही? पकडायला हवं होतं. तिचा नंबर दुसराच होता.

आत लांब टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये सचिव दिनकरराव, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला सुगत सर. सर पन्नाशीचे, किडकिडीत, समोर थंड होत चाललेला चहा. फळा पुसलेला नव्हता. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. बाजूला ओमप्रकाशच्या गोलगोल अक्षरात कॉलम एक: पन्नास, तीस.

"पुसू नका," सुगत सर म्हणाले. "हेच झाड तुम्ही सोडवा."

तिने खडू उचलला. रांग आखली, जोड्या लिहिल्या. दहा, शून्य. बाहेर काढला, वीस आणि तीस आत आले. वीस बाहेर, चाळीस आत. तीस बाहेर पडला तो सरळ कॉलम एकच्या यादीत पहिला. मग चाळीस, मग सगळ्यात शेवटी पन्नास. बोलताना तिचा आवाज तिलाच आवडला. नऊ वर्षांत इतकं सुरेख ती कधी बोलली नव्हती. शेवटी तिने लिहिलं, कॉलम एक: तीस, पन्नास.

"आधीच्या उमेदवाराचं उत्तर उलटं आहे," सर म्हणाले.

"हो सर. ते चूक आहे."

"का?"

"त्यांनी डावी बाजू तळापर्यंत आधी फिरवली. त्यामुळे चौथ्या पायरीवरचा पन्नास दुसऱ्या पायरीवरच्या तिसाच्या आधी मॅपमध्ये गेला. रिकर्शनच वापरायचं असेल तर प्रत्येक नोडसोबत पायरीचा नंबरही ठेवावा लागतो आणि नंतर प्रत्येक कॉलमची यादी पायरीप्रमाणे लावावी लागते. नुसता कॉलम नंबर पुरत नाही."

सुगत सरांनी दिनकररावांकडे बघितलं. "साहेब, मी मघाशी बोललो नाही, कारण हेच झाड दुसऱ्या कोणाकडून सोडवून बघायचं होतं. पण तुमच्या पहिल्या उमेदवाराला मी अनुकूल शेरा देणार नाही. ज्याला ही चूक दिसत नाही तो मुलांना काय शिकवणार?"

दिनकररावांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी शिपायाला हाक मारली. "ओमला बोलाव."

दैवशाला फळ्याशी उभी होती. आत काहीतरी फुलत होतं, आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ती खडूची भुकटी बोटांवरून पुसत होती.

ओमप्रकाश आत आला. काकाने विचारलं, "हे काय लिहिलंस? सर म्हणतेत चूक हाय."

ओमप्रकाशने फळ्याकडे बघितलं. दोन उत्तरं शेजारीशेजारी. त्याला काहीच कळेना. "चूक कसं असंल? मॅडमनीच तर सांगितलं असं."

"कुणी?"

"दैवशाला मॅडमनी." त्याने खिशातून कागद काढून टेबलावर उलगडले. तो तिला अडकवायला बघत नव्हता. मुलगा शाळेत गाइड उघडून दाखवतो तसं त्याने दाखवलं. "हे बघा ना सर, त्यांच्याच हातचं हाय."

सुगत सरांनी कागद घेतला. मग फळ्यावरचं दैवशालाचं अक्षर बघितलं. मग पुन्हा कागद.

"अक्षर तुमचंच आहे."

"हो सर."

"तारीख परवाची आहे. परवा तुम्हाला हे येत नव्हतं आणि आज येतं?"

तिला दोन उत्तरं होती. मला येत होतं, हे एक. ते दिलं तर उरलेलं वाक्य त्यांनीच पूर्ण केलं असतं. दिनकरराव टेबलावर पुढे झुकले होते आणि त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"चूक झाली सर," ती म्हणाली. "त्याला लिहून दिल्यावर माझ्या लक्षात आली. सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं," सुगत सर म्हणाले. त्यांनी कागद उलटा ठेवला. "नऊ वर्षं शिकवताय म्हणे. किती पोरांना सांगायचं राहून गेलं असेल?"

किशनराव हसले. दिनकररावांना आता वाट सापडली होती. "म्हंजे सर, पोराची काय चूक? ज्याला गुरू असा भेटला त्यानं काय करावं? समजावून सांगा त्याला तुमी, बघा येतं का न्हाई."

सुगत सरांनी ओमप्रकाशला समोर बसवलं आणि दहा मिनिटं रांग समजावली. ओमप्रकाश ढ नव्हता. त्याला चटकन कळलं. त्याने स्वतःच झाडाला आणखी एक नोड जोडून सोडवून दाखवला. दैवशाला तोवर तशीच उभी. तिला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

उरलेल्या तिघांचेही डेमो झाले. निकाल आठवड्याने लागला. ओमप्रकाशची निवड झाली.

जूनमध्ये किशनरावांनी तिला तास दिले. आधीच्या निम्मे, आणि तेही फक्त प्रॅक्टिकलचे. "ओमनंच शब्द टाकला तुमच्यासाठी," ते म्हणाले. "पण एक हाय. त्याच्या लेक्चरला तुमी मागं बसत जा. परत तसं नको व्हायला."

घरी आसारामने विचारलं, "मिळाले ना तास?" तिने मान डोलावली. म्हाताऱ्याने शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं.

ती मागच्या बाकावर बसू लागली. ओमप्रकाश आता तिला ताई म्हणत नव्हता. वाईटही वागत नव्हता. तिच्याबद्दल त्याला कीव होती, आणि ती तो मोकळ्या मनाने वाटत होता. "मॅडम, पाणी घ्या." "मॅडम, हे कळालं ना?" पोरं मागे वळून बघायची. तिच्याकडून शिकलेलीच पोरं.

जुलैच्या शेवटी कॅम्पस मुलाखतींसाठी तिसऱ्या वर्षाची उजळणी होती. ओमप्रकाशने फळ्यावर वाकडं झाड काढलं. तेच आकडे.

"हितं भले भले फसतेत," तो म्हणाला. "मीबी फसलो होतो. मॅडम, या ना जरा पुढं. चुकीची पद्धत कशी असते ते तुमी लिहून दाखवा, मंग मी बरोबर दाखवतो. म्हंजे पोरांच्या पक्कं डोक्यात बसंल."

तो हसत होता. आपण काहीतरी खेळीमेळीचं करतोय अशीच त्याची समजूत असावी. साठ पोरं वळून बघू लागली. दैवशाला उठली. बाकांच्या मधून फळ्यापर्यंत गेली, खडू घेतला आणि डावी बाजू तळापर्यंत उतरली. कॉलम एकपुढे लिहिलं: पन्नास, तीस.

"बघा," ओमप्रकाश म्हणाला. "तिसाच्या डोक्यावर पन्नास जाऊन बसला. नऊ वर्षांच्या अनुभवालाबी हे होऊ शकतं. म्हणून सांगायलोय, घाई करायची न्हाई."

कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. शिवकन्या. चारठाण्याहून रोज एसटीने येणारी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी. तिचे कान लाल झाले होते.

"सर, मॅडमला येतं हे," ती म्हणाली. "मॅडमनी आम्हाला मागच्या वर्षी बरोबरच शिकवलंय. रांग लावून. आणि डावी बाजू आधी फिरवली तर चूक येतं, हेबी मॅडमनीच सांगितलं होतं. माझ्या जर्नलमधी हाय."

"बस, शिवकन्या," दैवशाला म्हणाली.

"न्हाई मॅडम, दाखवते ना." तिने पिशवीतून जर्नल काढलं, भराभर पानं उलटली आणि ओमप्रकाशच्या हातात दिलं.

ओमप्रकाशने पान बघितलं. तेच झाड होतं. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. डावीकडे रांग, खाली मॅप, कॉलम एकपुढे तीस, पन्नास. त्याखाली लाल शाईत दैवशालाच्या अक्षरात शेरा: 'फक्त रिकर्शन वापरल्यास इथे पन्नास आधी येईल, ही चूक टाळा.' सही. तारीख गेल्या ऑगस्टची.

त्याने तारीख पुन्हा वाचली. मग मान वर केली. त्याच्या तोंडावर राग आधी आला नाही. आधी आला तो एखाद्याने अचानक थोबाडीत मारल्यावर येतो तसा भाव. त्याला चहा आठवला असेल, किंवा वाकडं झाड घे म्हणून दिलेला सल्ला. ते दैवशालाला कधी कळलं नाही.

"मुद्दाम," तो एवढंच म्हणाला, तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

खडू तिने फळ्याच्या कडेला ठेवला.

"जर्नल राहू दे माझ्याकडं," तो शिवकन्येला म्हणाला, आणि मग वर्गाला, "दहा मिनटं सुट्टी."

तो सरळ किशनरावांच्या केबिनकडे गेला. व्हरांड्यातून त्याचे बूट वाजत गेले. दैवशालाने मागच्या बाकावरून पर्स आणि डबा घेतला आणि ती त्याच्यामागे गेली. केबिनचं दार उघडंच होतं. आत शिरायच्या आधीच किशनरावांचा आवाज आला, "बाई, आमी तुमाला अडाणी समजून सांभाळलं. तुमी तर हरामी निघालात."

ती दारातच थांबली. ओमप्रकाश खिडकीशी पाठ करून उभा होता. त्याने वळून बघितलं नाही.

"चूक झाली असं लिहून देते," ती म्हणाली.

"चूक झाली ते एकदा बोललात की. आता कोणती चूक लिवून देणार?" किशनरावांनी जर्नल बंद केलं. "उद्यापासून येऊ नका. आणि जिल्ह्यातल्या दुसऱ्या कॉलेजात अर्ज करणार असाल तर माझा नंबर द्या, मी सांगतो तुमच्याबद्दल."

ती व्हरांड्यात आली तेव्हा शिवकन्या खांबाशी उभी होती. तिचा चेहरा उजळलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा ती वर्गात कोणासाठी उभी राहिली होती.

"मॅडम, सर प्राचार्यांना दाखवायला घेऊन गेले ना जर्नल? आता तुमाला लेक्चर परत देतील ना?"

दैवशालाने तिच्याकडे बघितलं. क्षणभर तिला वाटलं, सगळं सांगावं या पोरीला. तू काय केलंस ते. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड विझताना बघावा. ते शब्द तोंडात आलेही होते, आणि बोलायला तिला आवडलंही असतं.

"मी बरोबर बोलले ना मॅडम?"

"तू जे बोललीस त्यानं माझी नोकरी गेली," दैवशाला म्हणाली.

शिवकन्येला आधी कळलंच नाही. ती हसतच राहिली, मग हसू तसंच तोंडावर राहून डोळे भरले. "पण खरं होतं ना ते?"

"खरं होतं."

दैवशाला पायऱ्या उतरून फाटकाकडे चालू लागली. मागे शिवकन्या काहीतरी विचारत होती. ती थांबली नाही. रस्त्यावर जिंतूरची बस येऊन उभी होती. तिने बोरीचं तिकीट काढलं आणि खिडकीशी बसली. बाप ओट्यावर वाट बघत असेल, त्याला गेल्यागेल्या काय सांगायचं, याचा ती विचार करत राहिली.